इंग्रजी साधा भूतकाळ रशियनमध्ये नेताना: 'व्हॉल्व्ह उघडला' हे एक वाक्य की दोन?

सायली_प

नमस्कार मंडळी. मी इंग्रजीतून रशियनमध्ये तांत्रिक मजकुराची भाषांतरं करते. सध्या हातात एका कारखान्यातल्या बिघाडाचा अहवाल आहे. कोणाला इजा झालेली नाही, पण वाफेच्या लायनीवरचा एक व्हॉल्व्ह आणि एक पंप यावरून दोन कंपन्यांत पत्रव्यवहार चालू आहे आणि अहवाल रशियन पुरवठादाराकडे जायचा आहे. म्हणजे शब्दाशब्दावर बोट ठेवलं जाणार.

मजकुरात ही पाच वाक्यं आहेत. इंग्रजी आणि रशियन दोन्ही उच्चारावरून देवनागरीत लिहिते आहे:

१. द टेक्निशियन ओपन्ड द व्हॉल्व्ह.
२. ही चेक्ड द प्रेशर.
३. ही डिड नॉट इन्फॉर्म द सुपरवायझर.
४. द क्रू रिपेअर्ड द पंप फॉर थ्री अवर्स.
५. अ मॅन फ्रॉम द सप्लायर केम ऑन मंडे.

इंग्रजीत पाचही साधा भूतकाळ. रशियनमध्ये प्रत्येकाला दोन दारं. पहिलं वाक्य 'तेख्निक अत्क्रिल क्लापन' असंही होतं आणि 'तेख्निक अत्क्रिवाल क्लापन' असंही. पहिलं परफेक्टिव्ह, दुसरं इम्परफेक्टिव्ह. बहुतेक पुस्तकं सांगतात की काम पूर्ण झालं असेल तर परफेक्टिव्ह घ्या. माझं ठाम मत असं झालंय की हा नियम भाषांतर करणाऱ्याला अर्ध्या वाटेत सोडतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला होता, यात कोणालाच शंका नाही, तरी 'अत्क्रिवाल' बरोबर ठरू शकतं. तुम्ही लोक नेमकं कशावरून ठरवता?

गणू_सातारकर

ताई, मराठी माणसाला हे अवघड जायलाच नको. आपल्याकडे हेच आहे की. 'वाचत होतो' म्हणजे चिताल, 'वाचून टाकलं', 'वाचून काढलं' म्हणजे प्रचिताल. इंग्रजीला विचारूच नका, आधी मराठी करा आणि मग रशियन. टाकणे, काढणे, घेणे, देणे लागलं की परफेक्टिव्ह. मी असंच करतो आणि क्लासमध्ये बऱ्यापैकी जमतं.

मंदार_जे

मला वाटतं प्रश्न इंग्रजीच्या काळांचा आहे. 'आय रेड' आणि 'आय हॅव रेड' यातला फरक पाहा. दुसऱ्याचं नावच प्रेझेंट परफेक्ट. ते रशियनमध्ये परफेक्टिव्ह होणार आणि साधा भूतकाळ इम्परफेक्टिव्ह. तुमच्या अहवालात सगळा साधा भूतकाळ आहे, म्हणजे पाचही इम्परफेक्टिव्ह. नाही का?

विद्याधर_भिलाई

मंदार, नावावर जाऊ नका, इथे नेमकं उलट होतं. 'आय हॅव रेड धिस बुक' याचं रोजच्या बोलण्यातलं रशियन 'या चिताल एतु क्नीगु' असं आहे. इम्परफेक्टिव्ह. पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं असलं तरी तेच. बोलणाऱ्याला एवढंच सांगायचं असतं की हा अनुभव माझ्या खात्यावर आहे. 'प्रचिताल' म्हटलं की ऐकणारा समजतो की ते पुस्तक वाचायचं ठरलं होतं, कोणीतरी दिलं होतं, परीक्षेला होतं, आणि आता ते काम हातावेगळं झालं. आणि 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' तर रशियनमध्ये भूतकाळातही जात नाही, मराठीसारखा सरळ वर्तमानकाळ लागतो.

आता सायलीताईंचा व्हॉल्व्ह. मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात सोव्हिएत तज्ज्ञांबरोबर दुभाष्या म्हणून काम केलंय, त्यामुळे व्हॉल्व्ह, पंप, प्रेशर यांवर माझं रशियन घडलं. तिथे पाळी बदलताना हे दोन प्रश्न रोज कानावर यायचे.

'क्तो अत्क्रिल क्लापन?' असं इंजिनिअरने विचारलं तर व्हॉल्व्ह त्या क्षणी उघडा आहे. तो त्याच्याकडे बघत विचारतोय.

'क्तो अत्क्रिवाल क्लापन?' असं विचारलं तर व्हॉल्व्ह आता बंद आहे, पण मधल्या वेळात कोणीतरी तो उघडला होता याची खूण दिसते आहे. तक्त्यात प्रेशर पडलेलं आहे, नाहीतर खाली पाणी सांडलेलं आहे.

दोन्ही वेळा उघडण्याचं काम शंभर टक्के पूर्ण. फरक कामाच्या पूर्णतेत नाही, त्याचा परिणाम अजून टिकून आहे की पुसला गेला यात आहे. इंग्रजी दोन्हीकडे 'हू ओपन्ड द व्हॉल्व्ह' म्हणून मोकळी होते. म्हणून भाषांतर करणाऱ्याला जागेवर काय घडलं ते माहीत असावं लागतं. कागदावर ते नसतं.

पण थांबा, लगेच सगळीकडे 'अत्क्रिवाल' लावू नका. हे परिणाम पुसलेलं प्रकरण सुटं विधान असेल तेव्हाचं आहे. घटनांची साखळी सांगत असाल, ९:४० ला अमुक केलं, ९:५० ला तमुक केलं, तर प्रत्येक कडी परफेक्टिव्ह. व्हॉल्व्ह नंतर बंद झाला हे पुढची कडी सांगेल. साखळीत मध्येच इम्परफेक्टिव्ह घातलं तर रशियन वाचकाला वाटतं की गोष्ट थांबली आणि तंत्रज्ञ व्हॉल्व्ह फिरवतच बसला होता, इतक्यात काहीतरी झालं.

तुमची वाक्यं साखळीतली आहेत की सुटी?

डॉ_केतकी_कझान

काकांनी सांगितलं ते आमच्या इथे रोज जगतो. मी कझानला शिकले आणि आता इथेच रुग्णालयात काम करते.

अॅम्ब्युलन्सचे लोक दारात येऊन विचारतात, 'स्कोरुयू विझिवाली?' म्हणजे अॅम्ब्युलन्स तुम्ही बोलावली होती का. इम्परफेक्टिव्ह. बोलावणं पूर्ण झालंय, गाडी दारात उभी आहे! पण रस्त्यावर कोणी पडलं असेल आणि गर्दीतला एकजण ओरडून विचारत असेल तर तो 'स्कोरुयू वीझ्वली?' म्हणतो. परफेक्टिव्ह. म्हणजे ते करणं आवश्यक आहे, ते काम झालं की राहिलं? दोन्हीचं इंग्रजी 'डिड यू कॉल अॅन अॅम्ब्युलन्स' असंच होईल.

औषधांचं पण तसंच. दाखल करून घेताना मी विचारते 'काकिये लिकार्स्त्वा प्रिनिमाली?', आजवर काय काय घेतलंत. वॉर्डमध्ये नर्स सकाळची गोळी देऊन जाते आणि परत येऊन विचारते, 'प्रीन्यली?' ती एक ठरलेली गोळी घेतलीत का. भारतातून आलेले आमचे ज्युनिअर विद्यार्थी दाखल करतानाच 'प्रीन्यली' विचारतात तेव्हा पेशंट गोंधळून विचारतो की कुठली गोळी, मला तर कोणी दिलीच नाही.

गणू_सातारकर

काका, तुमचं मान्य, पण माझा नियम का चुकला ते कळलं नाही. 'उघडून टाकला' म्हणजे अत्क्रिल. यात काय बिघडलं?

विद्याधर_भिलाई

त्या दिशेने बिघडत नाही. 'वाचून टाकलं' म्हटलंत तर रशियन जवळजवळ नेहमी परफेक्टिव्हच होईल, इतकं तुमचं बरोबर. बिघडतं ते उलट्या दिशेने. 'हे पुस्तक वाचलंस का?' यात ना 'वाचत होतास' आहे ना 'टाकलंस'. साधं 'वाचलंस'. त्याचं रशियन 'चिताल'. तुमच्या नियमात या वाक्याला घरच नाही, आणि भूतकाळातली बहुतेक वाक्यं याच जातीची असतात.

दुसरं, नकार घालून बघा. 'मी पुस्तक वाचून टाकलं नाही' असं आपण सहसा म्हणत नाही. नकार आला की टाकणे, काढणे गळून पडतं आणि उरतं 'वाचलं नाही'. रशियनमध्ये मात्र नकारातही दोन्ही रूपं तशीच उभी राहतात आणि तिथेच खरी कसोटी असते. सायलीताईंचं तिसरं वाक्य घ्या. 'नि सअब्शील नचाल्निकु' म्हणजे वरिष्ठांना कळवायला हवं होतं, ते त्याने कळवलं नाही. त्यात कर्तव्य चुकल्याचा सूर आला. 'नि सअब्शाल' म्हणजे कळवण्याची घटनाच घडली नाही, बाकी आरोप नाही. 'तू साहेबांना सांगितलंस' असा आळ आल्यावर माणूस 'या नि सअब्शाल' म्हणून हात झटकतो. अहवाल दोन कंपन्यांच्या वादातला आहे ना? मग या एका क्रियापदाने तंत्रज्ञावर ठपका ठेवला जातो किंवा ठेवला जात नाही. इंग्रजी वाक्य त्याबाबत मौन बाळगतं.

सुलभा_देव

मी पुण्यात संध्याकाळच्या वर्गात रशियन शिकते. मुलगी तिकडे असते म्हणून सुरू केलं. व्याकरणातलं तुमच्याइतकं कळत नाही, पण काकांचे ते दोन प्रश्न मोठ्याने मराठीत म्हणून पाहिले.

खिडकी उघडी असेल तर मी विचारीन, 'खिडकी कोणी उघडली?'

खिडकी बंद आहे, पण पडदा भिजलाय, तर विचारीन, 'खिडकी कोणी उघडली होती?'

म्हणजे आपल्याकडे फरक 'टाकली' मध्ये नाही, 'होती' मध्ये आहे. केतकीताईंनी पण नकळत तेच लिहिलंय बघा, 'अॅम्ब्युलन्स तुम्ही बोलावली होती का'. आणि पाचव्या वाक्याला तर आपल्याकडे 'माणूस येऊन गेला' असं तयारच आहे. तो आलाय आणि अजून इथे आहे, यासाठी आपण 'येऊन गेला' कधीच म्हणणार नाही.

हे बरोबर आहे का?

डॉ_केतकी_कझान

सुलभाताई!! मी खरंच तसं लिहिलंय, आणि लिहिताना लक्षातही आलं नाही.

विद्याधर_भिलाई

सुलभाताई, फार नेमकं पकडलंत. मी इतकी वर्षं शिकवताना मुलांना इंग्रजीवरून समजावत आलो, आणि इंग्रजी त्या बाबतीत गरीब आहे. 'मी त्याला फोन केला होता' याचं रशियन 'या येमू झ्वनील'. 'हे मी वाचलं होतं' म्हणजे 'या एता चिताल'. 'गेल्या आठवड्यात भाऊ आला होता' म्हणजे 'प्रियेझाल ब्रात', आला आणि परत गेला. 'भाऊ आला' किंवा 'आलाय' म्हणजे 'प्रियेखल ब्रात', आत पलंगावर झोपलाय. सगळीकडे 'होता' बरोबर इम्परफेक्टिव्ह येतं.

मात्र या वाटेवर एक खड्डा आहे, तो दाखवून ठेवतो. 'मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती.' इथेही 'होती' आहे. पण ही 'होती' वेगळी. इथे गाडी सुटल्याचा परिणाम पुसलेला नाही, उलट तो परिणाम भोगतच मी फलाटावर उभा आहे. रशियन इथे परफेक्टिव्ह घेतं: 'पोयेज्द उझे उशोल'. म्हणून परीक्षा अशी करावी. वाक्यात दुसरी भूतकाळी घटना आहे आणि त्या घटनेच्या क्षणी आधीचा परिणाम जिवंत आहे, तर 'होती' असूनही परफेक्टिव्ह. दुसरी घटना नाही, नुसतं 'असं एकदा झालं होतं' एवढंच आहे, तर इम्परफेक्टिव्हकडे झुका.

मंदार_जे

म्हणजे इंग्रजी पास्ट परफेक्ट 'द ट्रेन हॅड लेफ्ट' परफेक्टिव्ह, आणि प्रेझेंट परफेक्ट 'आय हॅव रेड इट' इम्परफेक्टिव्ह? आता कळलं की इंग्रजी काळ बघून एकेक डबा नेमून द्यायचा माझा मार्ग चालणार नाही. पण मग 'आय हॅव लॉस्ट माय की' चं काय? ते पण इम्परफेक्टिव्ह?

विद्याधर_भिलाई

नाही, ते 'पतिर्याल', परफेक्टिव्ह. किल्ली हरवलेलीच आहे, परिणाम डोळ्यांसमोर आहे. प्रेझेंट परफेक्ट इंग्रजीत दोन्ही कामं करतो, अनुभव सांगण्याचं आणि चालू परिणाम सांगण्याचं. रशियन ती दोन कामं वेगळी करतं.

अनय_क

थोडं विषयाबाहेर. जोड्या पाठ कशा करायच्या? पिसाल–नपिसाल, चिताल–प्रचिताल, झ्वनील–पझ्वनील, देलल–झ्देलल. दरवेळी पुढे वेगळा उपसर्ग. संस्कृतात निदान प्र, परा, अप, सम् अशी यादी तरी मिळते. आणि संस्कृतातही भूतकाळाचे तीन लकार आहेत, लङ्, लिट्, लुङ्. तो हाच प्रकार नाही का?

ईशा_पीटर्सबर्ग

अनय, संस्कृतातले तीन लकार मुळात घटना किती जुनी, आजची की कालची, डोळ्यांसमोरची की ऐकीव, अशा भेदांवर सांगितलेले आहेत. रशियनची विभागणी त्या अंगाने जात नाही. काल घडलेली आणि शंभर वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट रशियनमध्ये एकाच रूपात बसू शकते.

जोड्या वाक्यासकट पाठ करा. आणि काही जोड्यांत इंग्रजीत शब्दच बदलतो, त्या आधी धरा, कारण त्या विसरणं अशक्य. 'स्दवाल एक्झामेन' म्हणजे परीक्षेला बसला, 'स्दाल' म्हणजे पास झाला. 'त्री राझा स्दवाल इ नि स्दाल', तीनदा बसला आणि पास झाला नाही. इंग्रजीत 'टुक' आणि 'पास्ड' अशी दोन वेगळी क्रियापदं लागतात. 'उगवारिवल' म्हणजे मनधरणी केली, 'उगवरील' म्हणजे राजी केलं. 'पस्तुपाल वुनिविर्सितेत' म्हणजे विद्यापीठात प्रवेशासाठी प्रयत्न केला, 'पस्तुपील' म्हणजे प्रवेश मिळाला. ही गोष्ट एका आईने दुसरीला सांगताना फार जपून सांगायची असते :)

गणू_सातारकर

आमच्या क्लासमध्ये एकाने सांगितलं होतं 'या स्दवाल' आणि पेढे वाटले. सरांनी पेढा खाल्ला आणि मग विचारलं, निकाल कधी आहे?

सायली_प

मंडळी, फार मदत झाली. आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्यातच सगळं होतं.

अहवाल पुन्हा वाचला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात वेळेनुसार नोंदी, दुसऱ्यात चौकशीतले प्रश्न आणि उत्तरं. 'द टेक्निशियन ओपन्ड द व्हॉल्व्ह' हे वाक्य दोन्हीकडे अक्षर न अक्षर तेच आहे! मग मी कंपनीला पत्र लिहून चार गोष्टी विचारल्या. बिघाड लक्षात आला तेव्हा व्हॉल्व्ह उघडा होता की बंद? सुपरवायझरला कळवणं नियमाने बंधनकारक होतं का? तीन तासांनी पंप चालू झाला का? पुरवठादाराचा माणूस त्याच दिवशी परत गेला का?

उत्तरं अशी आली. व्हॉल्व्ह बंद सापडला. कळवणं कामाच्या लेखी सूचनांनुसार बंधनकारक होतं. पंप चालू झाला नाही, तो वर्कशॉपला पाठवला. माणूस पाहणी करून संध्याकाळी परत गेला.

त्यावरून माझा मसुदा:

नोंदीत: 'व ९:४० तेख्निक अत्क्रिल क्लापन.' साखळीतली कडी, म्हणून परफेक्टिव्ह. पुढे एका नोंदीत 'झक्रिल', बंद केला, असं आहेच.

प्रश्नोत्तरात: 'क्तो अत्क्रिवाल क्लापन?' आणि उत्तर 'क्लापन अत्क्रिवाल तेख्निक.' व्हॉल्व्ह बंद सापडला आणि प्रश्न फक्त कोणी एवढाच आहे.

तिसरं: 'नि सअब्शील', कारण सूचना लेखी होती.

चौथं: 'ब्रिगादा चिनीला नसोस त्री चिसा.' तीन तास खटपट केली. 'पचिनीला' घातलं असतं तर पंप दुरुस्त झाला असा अर्थ झाला असता आणि पुढचं वर्कशॉपचं वाक्य विसंगत वाटलं असतं. शिवाय 'तीन तासांत' असतं तर 'झा त्री चिसा' असं 'झा' लागलं असतं, आणि 'झा' आलं की परफेक्टिव्ह. इथे इंग्रजीतला 'फॉर' मदतीला आला.

पाचवं: 'व पनिजेल्निक प्रियेझाल प्रित्स्तवीतिल पस्तव्शिका.' सुलभाताईंचं 'येऊन गेला'.

दुसऱ्या वाक्याचं मात्र अजून ठरत नाही. 'ही चेक्ड द प्रेशर.' नोंदीत ते ९:४५ ला आहे, पण प्रेशर किती भरलं ते अहवालात कुठेच लिहिलेलं नाही.

सुलभा_देव

सायली, पाचवं बघून आनंद झाला. चौथ्यात मी मराठीत 'पंप तीन तास दुरुस्त करत होते' म्हटलं असतं, म्हणजे तिथे गणूदादांचा नियमही लागू पडतो की.

गणू_सातारकर

धन्यवाद सुलभाताई, एक तरी वाचलं.

विद्याधर_भिलाई

मसुदा चांगला आहे. दुसऱ्या वाक्याबद्दल माझं मत इम्परफेक्टिव्हकडे आहे, साखळी असूनही. 'प्रवेरिल दव्लेनिये' वाचून रशियन इंजिनिअर असं धरून चालतो की तपासलं, आकडा पाहिला आणि ते ठीक असल्याची खात्री केली. आकडा नोंदलेला नसताना तुम्ही त्याच्या वतीने ही ग्वाही देता आहात. 'प्रविर्याल' म्हणजे तपासणी केली, निष्पन्न काय झालं ते मी सांगत नाही. मूळ इंग्रजीही तेवढंच सांगतं.

आणखी एक सोय लक्षात ठेवा. पुढे 'ही यूज्ड द राँग टूल' असं काही आलं तर 'इस्पोल्झवल' ला दोन रूपं नाहीत, एकच रूप दोन्ही बाजूंनी चालतं. तिथे निर्णय घ्यावा लागत नाही.

डॉ_केतकी_कझान

काका, इथे मला पटत नाही. आमच्या केस पेपरमध्ये वेळ लिहून नोंद असते तेव्हा 'प्रवेरिल' एवढंच सांगतं की ते झालं आणि पुढची पायरी सुरू झाली. खात्रीचा अर्थ सुट्या वाक्यात येतो, वेळेच्या नोंदीत नाही. उलट ९:४०, ९:४५, ९:५० अशा ओळीत मध्येच 'प्रविर्याल' आलं तर वाचणारा थबकेल. त्याला वाटेल की भाषांतर करणाऱ्याने तंत्रज्ञावर मुद्दाम संशय घेतलाय. तो संशय मूळ इंग्रजीत नाही.

ईशा_पीटर्सबर्ग

दोघांचं ऐकून मी घरात विचारलं. नवरा म्हणाला 'प्रवेरिल', वेळ लिहिली आहे तर दुसरं काही शक्यच नाही. सासूबाई आयुष्यभर बॉयलर हाउसमध्ये नोकरी करून निवृत्त झाल्या. त्या म्हणाल्या की आकडा नसेल तर त्याने तपासलंच नाही, काय लिहायचं ते लिहा!

मग आणखी एक विचारून पाहिलं. 'हू इन्स्टॉल्ड धिस मीटर?' मीटर समोर लावलेला आहे, परिणाम टिकून आहे, म्हणजे काकांच्या हिशोबाने 'उस्तनवील' यायला हवं. नवरा तेच म्हणाला. सासूबाईंनी मात्र सहज 'क्तो उस्तनाव्लिवल?' म्हटलं, कारण मीटर आहे हे दिसतंच आहे, मला कारागीर कोण ते हवंय, काम वाकडं केलंय त्याने. म्हणजे परिणाम समोर असतानाही इम्परफेक्टिव्ह येतं.

विद्याधर_भिलाई

सासूबाई बरोबर आहेत, आणि माझं परिणाम टिकल्या-पुसल्याचं सूत्र तिथे तोकडं पडतं. घटना झाली हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं आणि विचारायचं असतं फक्त कोणी, कुठे, कसं, तेव्हा रशियन माणूस इम्परफेक्टिव्हकडे सहज वळतो. भाजी बघून 'कुठे घेतलीस?' विचारताना 'ग्द्ये पकुपाला?' म्हणतात, भाजी पिशवीत असते तरीही. पण तो वळतोच असं नाही. तुमच्या यजमानांचं 'उस्तनवील' पण चूक नाही.

सायलीताई, प्रश्नोत्तरातल्या तुमच्या 'अत्क्रिवाल' ला यामुळे दुहेरी आधार मिळाला. दुसऱ्या वाक्याबाबत मी माझ्या मतावर आहे, पण केतकीताईंचा मुद्दा वजनदार आहे हे मान्य.

सायली_प

दुसऱ्या वाक्यासाठी कंपनीला पुन्हा लिहिलंय, ९:४५ चा आकडा कुठल्या वहीत सापडतो का ते बघा म्हणून. सापडला तर 'प्रवेरिल' आणि पुढे आकडा. नाही सापडला तर केतकीताईंचं ऐकून 'प्रवेरिल' च ठेवते आणि पुढे 'वाचन नोंदवलेलं नाही' असं स्वतंत्र वाक्य घालण्याची परवानगी मागते, म्हणजे तो भार क्रियापदावर पडणार नाही.

विद्याधर_भिलाई

परवानगी मिळाली तर त्या वाक्यात 'नि झपीसनो' लिहा, परफेक्टिव्हपासूनचं रूप. नोंदवायला हवं होतं ना.